एकव्यक्ती कंपनी, भावाने मागे घेतलेली संमती आणि मित्राचे वीस लाख

प्रश्न : बेळगावात उद्यमबागेत माझे सीएनसी मशीनिंगचे वर्कशॉप आहे. २०१८ मध्ये मी एकट्याने ओपीसी, म्हणजे एकव्यक्ती कंपनी, नोंदवली. भागभांडवल एक लाख रुपये, शेअर दहा हजार, संचालक मी एकटाच. कोल्हापूरला राहणारा माझा मोठा भाऊ नॉमिनी, म्हणजे माझ्या पश्चात कंपनीचा सभासद होणारा, आहे. त्याला आता स्वतःची ओपीसी काढायची असल्याने ‘माझे नाव काढून घे’ असे लेखी पत्र त्याने दिले, ते मला १० जूनला मिळाले. गेल्या वर्षी उलाढाल पहिल्यांदाच दोन कोटींच्या वर गेली, त्यामुळे सहा महिन्यांत प्रायव्हेट लिमिटेड करणे सक्तीचे आहे, असे आमचे कर सल्लागार म्हणतात. एक मित्र वीस लाख घालायला तयार आहे, पण वीस टक्के हिस्सा मागतो. घरी आई, पत्नी आणि पंधरा वर्षांचा मुलगा आहे. मुलाला नॉमिनी करता येईल का? आणि कंपनीचे नेमके काय करावे?

उत्तर : तुमच्या प्रश्नातील उलाढालीची बाब तुम्हाला सर्वांत मोठी वाटत असली, तरी मुदत चालू झाली आहे ती भावाच्या पत्राची, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. नॉमिनीला आपली संमती केव्हाही मागे घेता येते. त्यासाठी त्याने एकमेव सभासदाला, म्हणजे तुम्हाला, आणि कंपनीला लेखी सूचना द्यावी लागते. अशी सूचना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तुम्ही दुसऱ्या व्यक्तीचे नाव ठरवून, तिच्या लेखी संमतीसह, कंपनीला कळवायचे असते. आणि सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत कंपनीने ही माघार व नवे नाव INC-4 या फॉर्मने कंपनी निबंधकांकडे दाखल करायचे असते. १० जून ही तारीख धरली, तर नवे नाव २५ जूनपर्यंत ठरले पाहिजे आणि फॉर्म १० जुलैपर्यंत भरला गेला पाहिजे. भावाचे पत्र केवळ तुमच्या नावे असेल, तर त्याच मजकुराचे दुसरे पत्र कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर घ्या आणि त्यावर आवक तारीख टाका; मात्र दिवस मोजताना पहिल्या पत्राचीच तारीख धरा. तुम्ही आणि कंपनी एकच आहात असे व्यवहारात वाटत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे आहेत, आणि कागदावर हे वेगळेपण दिसले नाही तर पुढे अडचण होते.

नॉमिनीचे नाव मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या घटनापत्रात, लिहिलेले असते, त्यामुळे नाव बदलायचे म्हणजे मेमोरँडम दुरुस्त करावे लागेल, असा अनेकांचा समज असतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ३ मध्येच स्पष्ट म्हटले आहे की असा बदल मेमोरँडममधील दुरुस्ती समजला जाणार नाही. म्हणून विशेष ठरावाची गरज नाही. नव्या व्यक्तीची INC-3 या नमुन्यातील संमती आणि INC-4 पुरेसे आहे. संमती आधीची हवी, म्हणजे नाव कळवण्यापूर्वी तिच्यावर सही झालेली असली पाहिजे. नॉमिनी कोणत्या राज्यात राहतो याला महत्त्व नाही. कंपनी कर्नाटकात नोंदलेली, निबंधक बेंगळुरूत आणि नॉमिनी कोल्हापूरचा, ही स्थिती आजवर कायदेशीरच होती. अट आहे ती ही की नॉमिनी सज्ञान, भारताचा नागरिक आणि नैसर्गिक व्यक्ती असावी, आणि ती दुसऱ्या कोणत्याही ओपीसीची नॉमिनी नसावी. यामुळे तुमच्या मुलाचे नाव आज देता येत नाही. अज्ञान व्यक्ती ओपीसीची सभासद होऊ शकत नाही, नॉमिनी होऊ शकत नाही आणि तिच्या लाभासाठी शेअर धारणही करता येत नाहीत. यातला तिसरा भाग लक्षात ठेवा. वारसांचा विचार करताना तो पुन्हा लागणार आहे.

माझ्या मते पत्नीचे नाव द्यावे. ते देण्यापूर्वी त्यांच्या पॅन आणि आधारवरील नाव अक्षरशः एकच आहे ना, हे पाहून घ्या. आपल्या भागात पॅनवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, किंवा एकावर मधले नाव आणि दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर, असे फार आढळते आणि अशा विसंगतीमुळे फॉर्म परत येतो. दुरुस्तीला दिवस लागतात, म्हणून २४ जूनला नव्हे, आजच तपासा.

भावाच्या माघारीमागचे कारण मात्र कायद्याला धरून नाही, हेही सांगितले पाहिजे. एका व्यक्तीला एकाच वेळी दोन ओपीसींचे सभासद होता येत नाही, आणि दोन ओपीसींचे नॉमिनीही होता येत नाही. पण एका ओपीसीचा सभासद असताना दुसऱ्या ओपीसीचा नॉमिनी राहायला कायद्याची हरकत नाही. अडचण उद्भवते ती त्या दिवशी, जेव्हा मूळ सभासद जातो आणि नॉमिनी आपोआप दुसऱ्या कंपनीचाही सभासद होतो. त्यासाठी नियमाने एकशे ऐंशी दिवस दिले आहेत : त्या मुदतीत त्याने एका कंपनीचे शेअर पात्र व्यक्तीकडे हस्तांतरित करावेत किंवा एक कंपनी प्रायव्हेट लिमिटेड करून घ्यावी. म्हणजे भावाने संमती मागे घेतली नसती, तरी त्याची ओपीसी नोंदवली गेली असती. तरीही झालेली माघार मी फिरवायला सांगणार नाही. वर्कशॉप चालवणाऱ्या कुटुंबावर आघात झाला असताना तुमच्या भावाला सहा महिन्यांच्या आत स्वतःच्या किंवा तुमच्या कंपनीचे रूप बदलण्याच्या कामाला लागावे लागणे, हे टाळता येत असेल तर टाळावे.

नॉमिनीचे नेमके स्थान काय, हे पत्नीला सही घेण्यापूर्वी समजावून सांगा. तुम्ही हयात आणि सक्षम असेपर्यंत नॉमिनीला कंपनीत काहीही अधिकार नाही : लाभांश नाही, मत नाही, बँकेत सही नाही; आणि त्याचप्रमाणे कंपनीच्या कर्जाची किंवा कराची जबाबदारीही नाही. तुमचा मृत्यू झाला किंवा तुम्ही करार करण्यास असमर्थ ठरलात, की ती व्यक्ती कंपनीची सभासद होते. सभासद झाल्यापासून पंधरा दिवसांत तिने स्वतःचा नॉमिनी नेमायचा आणि सभासदत्वातील बदलापासून तीस दिवसांत कंपनीने पुन्हा INC-4 दाखल करायचा, अशी साखळी आहे. मृत्यूचा दाखला मिळवणे सोपे असते. असमर्थता सिद्ध करणे तसे नसते, कारण ती मानसिक अवस्थेवर ठरते आणि नुसते अंथरुणाला खिळणे म्हणजे असमर्थता नव्हे. अपघातानंतर माणूस शुद्धीवर असून सही करू शकत नसेल, तर नॉमिनीचा प्रश्नच येत नाही आणि कंपनी थांबून राहते.

याच ठिकाणी तुमच्या कंपनीतला खरा धोका आहे. तुम्ही एकमेव सभासद आहात आणि एकमेव संचालकही. उद्या तुम्ही नसलात, तर पत्नी सभासद होतील, पण बँकेत सही करणारा आणि निबंधकांच्या पोर्टलवर डिजिटल सही करणारा संचालकच उरलेला नसेल. नव्या सभासदाला ठराव करून संचालक नेमता येतो, हे खरे; परंतु त्या नेमणुकीची नोंद करण्यासाठीही आधीच्या संचालकाची सही पोर्टल मागते, आणि मग निबंधकांकडे वेगळा अर्ज करून मार्ग काढावा लागतो. तोवर कामगारांचे पगार आणि कच्च्या मालाची देणी अडकतात. ओपीसीमध्ये सभासद एकच असला, तरी संचालक पंधरापर्यंत असू शकतात. म्हणून पत्नीला आताच दुसऱ्या संचालक म्हणून घ्या. सभासद या नात्याने तुम्ही लेखी ठराव करून तो इतिवृत्तपुस्तकात सही-तारखेसह नोंदवायचा, त्यांचा संचालक ओळख क्रमांक आणि डिजिटल सही काढायची, आणि नेमणुकीपासून तीस दिवसांत DIR-12 भरायचा. बँकेतही त्यांची सही जोडा. दोन संचालक झाले की दर सहामाहीत किमान एक संचालक मंडळाची सभा घ्यावी लागेल आणि दोन सभांत किमान नव्वद दिवसांचे अंतर ठेवावे लागेल. ही अट आज तुम्हाला लागू नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : नॉमिनीला जबाबदारी नसते, संचालकाला असते. विवरणपत्रे वेळेवर न भरणे, कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम थकवणे अशा बाबींत संचालकाला उत्तर द्यावे लागते. पत्नी केवळ कागदावर राहणार असतील आणि त्यांना काहीच कळवले जाणार नसेल, तर हे करू नका.

नॉमिनी नेमला म्हणजे वारसाचा प्रश्न मिटला, असे समजू नका. शक्ती येझदानी खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनी कायद्यानुसार शेअरसाठी केलेल्या नामनिर्देशनामुळे नॉमिनी शेअरचा पूर्ण मालक ठरत नाही आणि वारसा कायदा बाजूला सारला जात नाही. तो निकाल सर्वसाधारण शेअरच्या नामनिर्देशनाच्या तरतुदींवर आहे, ओपीसीच्या कलम ३ वर नाही. परंतु उद्या तुमच्या घरात वाद झाला, तर वकील तोच निकाल पुढे करतील. हे लक्षात घेऊन वागणेच शहाणपणाचे आहे. तुमच्यावर हिंदू वारसा कायदा लागू आहे असे धरले, तर मृत्युपत्र नसताना आई, पत्नी आणि मुलगा हे तिघे पहिल्या वर्गाचे समान वारस होतात. दहा हजार शेअरचे तीन वाटे पडले की सभासद तीन झाले, आणि त्यांतला एक अज्ञान. ओपीसीत सभासद एकच हवा आणि अज्ञानाच्या लाभासाठी शेअर ठेवता येत नाहीत, त्यामुळे ती कंपनी ओपीसी म्हणून टिकू शकत नाही. रूपांतराची सक्ती अशा रीतीने घरातूनच येऊ शकते. त्यावर उपाय साधा आहे : शेअर पूर्णपणे पत्नीला देणारे मृत्युपत्र करा, म्हणजे नॉमिनी आणि मालक एकच व्यक्ती राहील; आई आणि मुलासाठी घर, ठेवी किंवा विम्याची रक्कम यांतून वेगळी तरतूद करा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही बंधनकारक नाही, पण दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार लाभार्थींपैकी असू नयेत. मी स्वतः अशी मृत्युपत्रे दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्यायला सांगतो, कारण वाद झालाच तर नोंदणीकृत दस्त उपयोगी पडतो.

आता उलाढालीकडे वळतो. तुमचे कर सल्लागार सांगतात तो नियम एकेकाळी खराच होता. भरणा झालेले भागभांडवल पन्नास लाखांच्या वर गेले किंवा लागोपाठच्या तीन आर्थिक वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल दोन कोटींच्या वर गेली, तर ओपीसीला सहा महिन्यांत प्रायव्हेट किंवा पब्लिक कंपनी व्हावे लागे. त्याशिवाय, ही मर्यादा ओलांडली नसेल तर पहिली दोन वर्षे स्वेच्छेने रूपांतरही करता येत नसे. १ एप्रिल २०२१ पासून हे दोन्ही नियम रद्द झाले. आज ओपीसीवर भांडवल किंवा उलाढालीची कोणतीही कमाल मर्यादा नाही, आणि रूपांतर करायचे असल्यास ते कोणत्याही दिवशी करता येते. जुन्या पद्धतीत मर्यादा ओलांडल्याची सूचना INC-5 या फॉर्मने द्यावी लागत असे. तो फॉर्मही त्याच दुरुस्तीने वगळला गेला. कोणी तुम्हाला INC-5 भरायला सांगितले, तर तो जुन्या नियमांचे पुस्तक वाचत आहे असे समजा. तुमची उलाढाल गेल्या वर्षी प्रथमच दोन कोटींच्या वर गेली असल्याने जुन्या नियमाखाली राहिलेले कोणतेही देणे तुमच्यावर नाही. सल्लागारांना ही तारीख दाखवा. जुन्या नियमावर त्यांचे बोट होते, इतकेच.

तरीही मित्राचे पैसे घ्यायचे असतील, तर रूपांतर टळत नाही. कारण उलाढाल नसून मित्र आहे. ओपीसी म्हणजे एकच सभासद असलेली कंपनी. मित्राला एक शेअर दिला तरी ती व्याख्या मोडते. हिस्सा द्यायचा तर कंपनी आधी प्रायव्हेट लिमिटेड झाली पाहिजे. काही जण सुचवतील की तोवर मित्राचे पैसे उसने म्हणून कंपनीत घ्या. असे करू नका. सभासद किंवा संचालक नसलेल्या व्यक्तीकडून कंपनीने घेतलेले उसने पैसे कायद्यात ठेव ठरतात, आणि अशी ठेव स्वीकारण्याची तुमच्या कंपनीला मुभा नाही. मित्राने तुम्हाला वैयक्तिक पैसे द्यावेत आणि तुम्ही संचालक म्हणून ते कंपनीला कर्जाऊ द्यावेत, हा आडमार्गही बंद आहे, कारण संचालकाला आपण दिलेले पैसे दुसऱ्याकडून घेतलेले नाहीत असे लेखी द्यावे लागते. शेअरसाठीची आगाऊ रक्कम म्हणूनही आज पैसे घेऊ नका : साठ दिवसांत शेअर वाटप झाले नाही आणि त्यानंतर पंधरा दिवसांत रक्कम परत गेली नाही, तर तीही ठेव होते. रूपांतराचे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मित्राचा एक रुपयाही कंपनीच्या खात्यात येऊ देऊ नका.

रूपांतराची रीत अशी. तुम्ही मेमोरँडम आणि नियमावली बदलण्याचा ठराव करून तो इतिवृत्तपुस्तकात नोंदवायचा. हा विशेष ठराव असल्याने तो MGT-14 ने तीस दिवसांत दाखल करायचा. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात. दुसऱ्या संचालक म्हणून पत्नी आधीच आलेल्या असतील, आणि दुसऱ्या सभासद म्हणूनही त्यांचेच नाव मी सुचवेन : तुमच्या दहा हजारांतले दहा शेअर SH-4 या हस्तांतरण दस्ताने त्यांच्या नावे करण्याचे ठरवायचे. त्यानंतर INC-6 या अर्जासोबत बदललेली कागदपत्रे, ठराव, प्रस्तावित सभासद व संचालकांची यादी त्यांच्या संमतीसह, धनकोंची यादी आणि शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद जोडायचा. लेखापरीक्षण अर्धवट असेल तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून हिशेब आधी पूर्ण करून घ्या. कंपनीची जुनी कर्जे, करार आणि ऑर्डर रूपांतराने तुटत नाहीत, कायद्याच्या कलम १८ मध्ये तसे स्पष्ट आहे; परंतु मशीनसाठी बँकेचे कर्ज असेल, तर कर्जकरारात कंपनीचे स्वरूप किंवा भागधारणा बदलण्यापूर्वी बँकेची लेखी परवानगी घेण्याची अट सहसा असते. ती अट वाचा आणि परवानगी अर्जाच्या आधी मिळवा.

मित्राला नवे शेअर देण्याचे काम प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचे आहे. आज दहा हजार शेअर आहेत. वीस टक्के हिस्सा द्यायचा तर अडीच हजार नवे शेअर द्यावे लागतील, आणि वीस लाखांत एका शेअरची किंमत आठशे रुपये पडेल : दहा रुपये दर्शनी मूल्य आणि सातशे नव्वद अधिमूल्य. म्हणजेच तुम्ही दोघे आजच्या कंपनीची किंमत ऐंशी लाख धरत आहात. ही किंमत तुमच्या दोघांच्या मर्जीने ठरत नाही. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल लागतो आणि त्याने काढलेल्या मूल्यापेक्षा कमी दराने शेअर देता येत नाहीत. त्याने शेअरचे मूल्य हजार रुपये काढले, तर वीस लाखांत दोन हजारच शेअर मिळतील आणि मित्राचा हिस्सा सुमारे पावणेसतरा टक्के होईल. टक्केवारीचा शब्द देण्यापूर्वी हा अहवाल घ्या, नाहीतर मैत्रीवर ताण येईल. रक्कम वेगळ्या बँक खात्यात घ्यावी लागते आणि वाटपानंतर पंधरा दिवसांत PAS-3 भरावा लागतो. मित्राला दैनंदिन कामात मत हवे आहे की केवळ नफ्यात वाटा, तो हिस्सा विकू इच्छितो तेव्हा आधी कोणाला विचारायचे, आणि तुम्ही नसताना त्याचा शब्द किती चालायचा, हे भागधारक करारात लिहून घ्या आणि करारातल्या महत्त्वाच्या अटी नियमावलीतही आणा; नियमावलीत नसलेली अट कंपनीवर बंधनकारक करणे कठीण जाते.

मित्राचे पैसे यायला वर्ष लागणार असेल, किंवा ठरणारच नसेल, तर ओपीसी तशीच ठेवा. केवळ नाव मोठे दिसावे म्हणून रूपांतर करण्याचे कारण तुमच्याकडे नाही. रूपांतर केलेच, तर मेमोरँडममधले नॉमिनीचे कलम जाईल आणि पत्नीची INC-3 वरची संमतीही त्याबरोबर निरर्थक होईल. त्यानंतर तुमच्या शेअरसाठी SH-13 या नमुन्यात वेगळे नामनिर्देशन कंपनीकडे द्यावे लागेल, आणि मृत्युपत्रातील शेअरची संख्याही बदललेल्या धारणेप्रमाणे दुरुस्त करून घ्यावी लागेल.